टायर बसलो: पाच महिने उभ्या राहिलेल्या गाडीची धडधड जाते का?

शिमग्याला गावी आलेले काका मार्चमध्ये परत मुंबईला गेले ते रेल्वेने. गाडी देवगडजवळच्या आमच्या घरी, मांगराला लागून असलेल्या पत्र्याच्या छपराखाली राहिली. मे महिन्यात येऊ आणि घेऊन जाऊ असं ठरलं होतं, पण मे महिन्यात काकूचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि मग पावसाळा लागला. गणपतीच्या चार दिवस आधी मी आणि काका गावी पोचलो तेव्हा गाडी साडेपाच महिने जागची हलली नव्हती. बॅटरी अर्थातच बसलेली होती. शेजाऱ्याच्या टेम्पोला केबल लावून गाडी चालू केली आणि बाजारहाटासाठी निघालो. पहिल्या दोनशे मीटरमध्येच काकांनी माझ्याकडे पाहिलं. "अरे, गाडी उडता कशाक? रस्तो तर बरो असा."

बैलगाडीचं चाक एका जागी झिजलेलं असावं तशी गाडी ठोके देत होती. धड, धड, धड, वेग वाढेल तसे ठोके जवळ येत गेले आणि चाळिसाला त्यांची सलग थरथर झाली. गॅरेजच्या भाषेत याला टायर बसणं म्हणतात. जमिनीला टेकलेला भाग तिथेच चपटा होऊन राहतो आणि चाक फिरताना दर फेरीला एकदा आपटतो. हे सगळ्यांना माहीत असतं. पुढचं उत्तर मात्र प्रत्येकजण वेगळं देतो. एक म्हणतो वीस किलोमीटर पळव, आपोआप जातं. दुसरा म्हणतो टायर गेले, चारही बदल. माझं काम टायरांशीच संबंधित असल्याने मला दोघांचीही गंमत वाटते, कारण दोघंही बरोबर असू शकतात, आणि एकाच गाडीच्या दोन चाकांबाबत असू शकतात. काकांच्या गाडीत नेमकं तेच झालं.

हे समजायला टायरच्या आत एकदा डोकावावं लागतं. बाहेरून काळं रबर दिसत असलं तरी टायरला आकार देणारं रबर नसतं, आतले दोरे असतात. आजच्या रेडियल टायरमध्ये एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पॉलिस्टरचे दोरे जातात. त्यांच्यावर, रस्त्याला लागणाऱ्या भागाखाली, स्टीलच्या बारीक तारांचे दोन पट्टे असतात. आणि बहुतेक टायरांत त्या पट्ट्यांवर नायलॉनचा एक थर चाकाच्या गोलाईने गुंडाळलेला असतो, पिंपाला कडी घालतात तसा. वेगात चाक फिरताना स्टीलचे पट्टे बाहेर फेकले जाऊ पाहतात, त्यांना हा थर आवळून धरतो. नायलॉन गरम झालं की आकसतं, म्हणून या कामाला ते उत्तम. पण बसण्याची खोडही याच नायलॉनची.

कोरडं नायलॉन साधारण ५० अंश सेल्सियसच्या आसपास आपला स्वभाव बदलतं. त्याच्या वर ते सैल असतं, ओढाल तसं ओढलं जातं. त्याच्या खाली ते ताठर होतं आणि ज्या आकारात थंड झालं तोच आकार धरून बसतं. नायलॉनच्या साडीवर इस्त्रीने चुकून पडलेली घडी आठवा. ती हाताने कितीही चोळली तरी जात नाही. पुन्हा गरम इस्त्री फिरवली की जाते. टायरचंही तसंच. गाडी पळवून आणून उभी केली की टायर गरम असतो, नायलॉन सैल असतं. जमिनीला टेकलेल्या भागात टायर सपाट झालेला असल्याने तिथल्या दोऱ्यांवर ताण कमी असतो, बाकीच्या गोलाईवर हवेचा पूर्ण ताण असतो. या अवस्थेत तो थंड होतो आणि दोन्हीकडचे दोरे आपापल्या वेगळ्या लांबीत गोठतात. गाडी हलवली तरी ती चपटी जागा चपटीच राहते, जोवर टायर पुन्हा तितका गरम होत नाही तोवर.

जुन्या लोकांना हे रोजचं होतं. अँबॅसेडर आणि पद्मिनीच्या काळात टायरचा सगळा सांगाडाच नायलॉनचा असे. अजूनही आपल्याकडे टायरवाले त्या जातीला नुसतं 'नायलॉन टायर' म्हणतात. सकाळी गाडी काढली की पहिले काही किलोमीटर ती धडधडायची आणि मग गप्प व्हायची, आणि त्यात कोणाला काही विशेष वाटत नसे. रेडियल आले, नायलॉन सांगाड्यातून निघून एका थरापुरतं उरलं आणि रात्रभरात पडणारी ही चपटी जागा इतकी लहान झाली की ती कोणाला जाणवेना. महिनोन्महिने उभी राहिलेल्या गाडीत मात्र ती पुन्हा डोकं वर काढते.

तर नायलॉनची घडी उष्णतेने जाते. म्हणून "वीस किलोमीटर पळव" म्हणणारा चुकीचा नाही, फक्त तो किलोमीटर मोजतो आणि मोजायला हवी ती टायरची गरमी. गावातल्या गावात, गणपतीच्या सामानासाठी दोन-दोन किलोमीटरच्या दहा फेऱ्या मारल्या तर वीस किलोमीटर होतात, पण टायर कोमटच्या पुढे जात नाही. सलग वीस-तीस मिनिटं साठच्या आसपास चालवलं, तर रबर दर फेरीला दबून-सुटून आतून तापतं आणि नायलॉन सैल होतं. तेव्हा हवेचा दाबच आतून टायरला गोल करतो.

मग कायमचा बसलेला टायर म्हणजे काय? तिथे गुन्हेगार नायलॉन नसून रबर असतं. प्रेशर कुकरची जुनी रिंग काढून बघा. झाकणाच्या खोबणीत दबून ती एका बाजूने सपाट झालेली असते आणि बाहेर ठेवली तरी फुगून गोल होत नाही. दाब, उष्णता आणि हवा यांत बराच काळ राहिलेल्या रबराच्या आत नवे जोड तयार होतात, आणि ते दबलेल्या अवस्थेतच तयार झालेले असल्याने रबराला तोच आपला मूळ आकार वाटू लागतो. त्याला परत आणणारी इस्त्री नसते. कितीही पळवा, तेवढा चपटेपणा उरतोच.

म्हणजे प्रश्न असा होतो, की काकांच्या गाडीत किती भाग नायलॉनचा होता आणि किती रबराचा. इथे लोक दिवस मोजतात. पाच महिने म्हणजे फारच, दोन महिने म्हणजे चालेल. माझ्या मते दिवसांपेक्षा जास्त सांगते ती हवा.

गाडी अंगणात होती तेव्हाच, निघण्यापूर्वी, मी चारही चाकांची हवा मोजली होती. हे आधी करायचं, कारण एकदा पंप लावला की पुरावा गेला. या गाडीला ३३ पीएसआय लागते. मागच्या दोन चाकांत २७ आणि २६ होती, पुढच्या उजव्यात २६. धडधाकट टायरसुद्धा महिन्याला एक-दोन पीएसआय सोडतो, तेव्हा साडेपाच महिन्यांत एवढं उतरणं अगदी नियमाप्रमाणे. पुढच्या डाव्यात मात्र १४ होती.

आता साधा हिशेब. गाडीचं वजन टायरचं रबर फारसं पेलत नाही, आतली हवा पेलते. म्हणून वजनाला दाबाने भागलं की जमिनीला टेकलेल्या भागाचं क्षेत्रफळ ढोबळमानाने मिळतं. छोट्या गाडीच्या पुढच्या एका चाकावर साधारण २७० किलो येतात, इंजिन पुढे असल्याने. ३३ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलो. भागाकार येतो ११७ चौरस सेंटिमीटर. टायरची टेकणारी रुंदी १२ सेंटिमीटर धरली तर टेकलेला भाग जेमतेम १० सेंटिमीटर लांब, वितीच्या अर्ध्याहून थोडा कमी. १४ पीएसआयला दाब सुमारे १ किलो. तेव्हा क्षेत्रफळ २७० आणि लांबी २२ सेंटिमीटरच्या घरात. टायरच्या बाजूच्या भिंतीही थोडं वजन उचलतात म्हणून प्रत्यक्षात याहून जरा कमी, पण दुप्पट झालं हे नक्की. आणि नुसती लांबी वाढत नाही. त्या पट्ट्याच्या दोन्ही टोकांना टायर जास्त तीव्रपणे वाकतो, बाजूच्या भिंती बाहेर फुगतात. दाबून ठेवलेल्या रबराचं प्रमाणच वाढतं.

त्यात आमच्या छपराचा पत्रा पुढून तोकडा. एप्रिल-मे महिन्यात दुपारचं ऊन नेमकं पुढच्या डाव्या चाकावर येत असणार. काळं रबर कोकणातल्या उन्हात ५० अंशांवर जायला वेळ लागत नाही. म्हणजे रोज दुपारी तो टायर चपट्या अवस्थेत तापत होता, रोज रात्री त्याच अवस्थेत थंड होत होता. एकाच घडीवर रोज इस्त्री फिरवल्यासारखं. आणि हवा त्याच चाकातून का गेली, तर खारं वारं. रिम स्टीलची आहे. समुद्राच्या जवळ असल्याने रिमच्या कडेला, जिथे टायर घट्ट बसतो, तिथे गंजाचे पापुद्रे आले होते आणि त्यांच्यामधून हवा हळूहळू झिरपत होती. पंक्चर नव्हतं. साबणाचं पाणी रिमच्या कडेला लावलं तेव्हा बारीक फेस येताना दिसला.

चारही चाकांत ३३ भरली. १४ च्या टायरवर तसंच निघालो असतो, तर बाजूच्या भिंती दर फेरीला दुमडून आतले दोरे तुटले असते आणि धडधडीपेक्षा मोठं दुखणं मागे लागलं असतं. टायर पूर्ण बसून रिमच जमिनीला टेकलेली असेल, तर मी तो हवा भरूनही वापरणार नाही. रिम आणि जमीन यांच्यामध्ये भिंत चिमटली गेलेली असते. हा मात्र तसा नव्हता, म्हणून भरून निघालो.

देवगडहून नांदगाव तिठ्यापर्यंत साधारण चाळीस किलोमीटर, वळणावळणाचा रस्ता. पहिले पाच-सहा किलोमीटर मी चाळिसाच्या आतच ठेवली. ठोका सीटमध्येही होता आणि स्टिअरिंगमध्येही. या टायरचा घेर साधारण १८० सेंटिमीटर. ताशी चाळीस म्हणजे सेकंदाला ११ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला सहा वेळा फिरतं. सेकंदाला सहा ठोके वेगवेगळे मोजता येत नाहीत, पण ते ठोके आहेत हे कळतं. ऐंशीला ते बारा होतात आणि त्यांची नुसती गुणगुण होते. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण बॅलन्सिंग बिघडलेल्या चाकाचं असं नसतं. तिथे कमी-जास्त वजनाचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून चाळिसाला काहीच कळत नाही आणि ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागतं. बसलेला टायर वीस-तिसाच्या वेगालाही लपत नाही.

शिरगावच्या अलीकडे काका म्हणाले, "गेली बघ! आता बरी चलता." खरंच धडधड एकदम कमी झाली होती. एक मोठं वळण गेलं आणि पुन्हा आली. काका चक्रावले. इथे एक गंमत आहे, जी माहीत नसेल तर माणूस हमखास फसतो. दोन चाकं चपटी असतील तर त्यांचे ठोके कधी एकाच क्षणी पडतात, कधी एकाआड एक. एकाच क्षणी पडले की गाडी उसळते, एकाआड एक पडले की थरथर विखुरते आणि सौम्य वाटते. वळणावर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापतं, त्यामुळे प्रत्येक वळणानंतर हा मेळ बदलतो. कोकणातल्या रस्त्यावर तर दर शंभर मीटरला. म्हणून "कमी झाली" हे दोन वळणांवरून ठरवायचं नाही. एकच सरळ तुकडा निवडावा, एकच वेग ठेवावा, आणि जाताना-येताना तिथेच ताडून पाहावं. आणि कान सरावतो हेही विसरू नये. अर्ध्या तासाने तीच थरथर कमी वाटते. मी स्टीलच्या भांड्यात अर्धं पाणी घालून ते काकांच्या हातात दिलं होतं. माणसाच्या सवयीचा पाण्यावर परिणाम होत नाही. पँटवर सांडल्यावर काकांनी त्याबद्दल बरंच काही ऐकवलं, पण उपाय चांगला आहे.

नांदगाव तिठ्याला थांबून चारही टायरांना हात लावून पाहिला. मागचे आणि पुढचा उजवा चांगले कोमट होते. डावा त्यांच्याहून जास्त गरम होता, वाकडा आकार जास्त मळला जातो म्हणून. तिथून महामार्गाला लागून कणकवलीपर्यंत सत्तर-ऐंशीने गेलो, सरळ, रुंद रस्ता. कणकवलीला पोचेपर्यंत सीटमधली धडधड गेली होती. म्हणजे मागची दोन चाकं गोल झाली. स्टिअरिंगमध्ये मात्र बारीक थरथर उरली होती.

परत येताना आणि पुढच्या दोन दिवसांत मी फक्त एवढंच पाहत राहिलो, की ती उरलेली थरथर कोणत्या दिशेने जाते. सकाळी गाडी काढली की पहिले चार-पाच किलोमीटर थोडी जास्त. ते नायलॉन, रात्रीत पुन्हा बसलेलं. मग खाली येऊन एका पातळीवर थांबायची. तिसऱ्या दिवसापर्यंत मिळून सुमारे १८० किलोमीटर झाले होते, त्यातले बरेचसे महामार्गावरचे. गरम टायरवर उरणारी थरथर पहिल्या दिवशी कणकवलीला होती तेवढीच होती. माझा ठोकताळा असा: व्यवस्थित हवेवर, व्यवस्थित गरम करून, दोन-तीन मोठ्या फेऱ्यांत जे गेलं नाही ते नंतर जात नाही. हजार किलोमीटर वाट पाहण्यात अर्थ नाही.

आणि थरथर कमी होण्याऐवजी वाढत गेली तर? मग तो बसलेला टायरच नव्हे. आतले स्टीलचे पट्टे रबरापासून सुटू लागले की चालवण्याने टायर बिघडतच जातो. त्याची खूण म्हणजे अगदी सावकाश, दहा-पंधराच्या वेगाला, स्टिअरिंग डावीकडे-उजवीकडे डुलतं आणि रस्त्याला लागणाऱ्या भागावर हात फिरवला तर कुठेतरी उंचवटा लागतो. असं दिसलं की गाडी तिथेच उभी करून स्टेपनी लावायची. पळवून घालवण्याचा प्रयोग अशा टायरवर केला तर तो फुटू शकतो.

कोकणात आणखी एक दुखणं याच सुमारास उठतं आणि टायरच्या नावावर खपतं. समुद्राच्या हवेत उभ्या गाडीच्या ब्रेक डिस्कवर गंज चढतो. ब्रेक पॅड जिथे डिस्कला टेकलेले असतात तिथे वेगळा ठसा उमटतो. पहिल्या काही ब्रेकांना घरघर होते आणि वरवरचा गंज निघून जातो. ठसा खोल असेल तर ब्रेक दाबल्यावर पायाला लाटा जाणवतात. फरक ओळखणं सोपं: पाय ब्रेकवरून काढला की जे थांबतं ते डिस्कचं, जे चालू राहतं ते चाकाचं. हँडब्रेक लावून ठेवला असेल तर मागच्या ड्रममध्ये ब्रेकचे शूज चिकटतात ते वेगळंच. काकांनी सुदैवाने गियर टाकून चाकामागे चिऱ्याचा तुकडा लावला होता.

कणकवलीला टायरच्या दुकानात गेलो तेव्हा तिथला मुलगा म्हणाला, "बॅलन्सिंग करून टाकूया, जाईल." करून घेतलं, कारण नकार देऊन वाद कोण घालणार. डाव्या चाकाला १५ ग्रॅमचं वजन लागलं. ऐंशीच्या पुढचा थोडा फरक पडला, तिसाला तसूभरही नाही. बॅलन्सिंगचं मशीन वजन कुठे जास्त-कमी आहे ते शोधतं. चपट्या टायरमध्ये वजन बिघडलेलं नसून आकार बिघडलेला असतो. चौकोनी चाकसुद्धा अचूक बॅलन्स करता येतं, ते गोल मात्र होत नाही.

दोष नेमका कुठल्या चाकात आहे हे आम्ही घरीच शोधलं, आणि त्याला पैसे पडत नाहीत. स्टेपनीत हवा भरून ती पुढच्या डाव्या जागी लावली. थरथर गेली. मग तो काढलेला टायर मागच्या डाव्या जागी लावला, तर तीच थरथर स्टिअरिंगमधून सीटमध्ये आली. पुढच्या चाकाचा दोष हाताला कळतो, मागच्याचा बुडाला. नंतर फेरफटका मारून टायर गरम असतानाच ते चाक जॅकवर उचललं, हे महत्त्वाचं, कारण थंड टायर मोजला तर नायलॉनचा तात्पुरता चपटेपणाही हिशेबात येतो. शेजारी एक वीट ठेवून तिच्यावर पेन्सिल आडवी धरली, टोक टायरला अगदी शिवेल न शिवेल असं, आणि चाक हाताने सावकाश फिरवलं. दोन जागा सोडून सगळीकडे टोक सारखं होतं. एका ठिकाणी जवळपास वीतभर लांबीचा पट्टा मागे गेला. फटीत एक रुपयाचं नाणं सहज आत गेलं, म्हणजे दीड मिलिमीटरच्या आसपास. दुसरी जागा छोटी होती, तिथे अडकलेला खडा निघाला. गोलाईतला फरक एक मिलिमीटरच्या आत असेल तर सहसा कोणाला जाणवत नाही, दीडला नक्की जाणवतो. आणि पट्ट्याची ती लांबी १४ पीएसआयच्या हिशेबाशी जुळत होती. उजव्या टायरवर हीच परीक्षा केली, तर पेन्सिलचं टोक कुठे हललंच नाही.

टायरच्या बाजूवर चार आकडी तारखेचा शिक्का असतो. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. काकांच्या टायरवर २३१९ होतं, म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. खोबणीच्या तळाशी बारीक भेगाही दिसत होत्या. टायर नवा असता, तर दीड मिलिमीटरच्या थरथरीसाठी तो फेकायला मी सांगितलं नसतं. मागे लावून कमी वेगाच्या वापराला चालला असता, जाणवत राहिला असता एवढंच. टायरचा चपटेपणा स्वतःहून धोकादायक नसतो, तो सस्पेन्शनच्या बुशांना आणि बेअरिंगला छळतो. पण इतकी वर्षं झालेला, भेगा पडलेला आणि कित्येक महिने कमी हवेवर दबलेला टायर घेऊन मुंबईपर्यंत महामार्गाने जायचं, याला माझा नकार होता. पुढची जोडी बदलली. रिम घासून गंज काढला, कड रंगवली आणि वॉल्व्ह नवे घातले. नुसते टायर बदलून ही रिम तशीच ठेवली असती तर पुढच्या शिमग्याला हेच सगळं पुन्हा झालं असतं.

गणपती विसर्जन झाल्यावर काकांनी गाडी पुन्हा गावीच ठेवायचं ठरवलं, दिवाळीनंतर न्यायची म्हणून. मग त्यांना ठेवण्याची रीत हवी होती. टायर गरम असताना गाडी शेवटच्या जागी लावून सोडू नये, कारण सैल नायलॉन तिथेच गोठतं. थोडा वेळ इकडेतिकडे उभी करून थंड झाल्यावर छपराखाली ढकलत आणलेली बरी. हवा नेहमीपेक्षा जास्त भरावी, ३३ च्या जागी चाळिसापर्यंत, मात्र टायरच्या बाजूवर छापलेल्या कमाल दाबाच्या आत, आणि गाडी रस्त्यावर काढण्यापूर्वी ती परत ३३ वर आणावी. जास्त हवेवर टेकलेला भाग लहान राहतो आणि महिनाभर उतरली तरी टायर उपाशी राहत नाही. इंजिन आठवड्याला दहा मिनिटं चालू ठेवण्याचा टायरला काडीचा उपयोग नाही. गाडी हलली पाहिजे, आणि तीही फार नाही. टेकलेला भाग वितीहून लहान असतो, तेव्हा दर पंधरा दिवसांनी फूट-दीड फूट पुढे-मागे ढकलली तरी वजन नव्या जागेवर येतं.

काकांना चिऱ्यांवर गाडी चढवून चाकं अधांतरी ठेवायची होती, म्हणजे प्रश्नच मिटला. त्याला मी विरोध केला. जॅकच्या जागांखाली लोखंडी स्टँड असतील तर ठीक, टायरला त्यासारखी विश्रांती नाही. पण चिरा पावसात भिजून मऊ होतो आणि एका टोकावर भार आला की उभा फुटतो. छपराखाली पोरं खेळतात.

शेवटी शेजारच्या बाबल्याला काम लागलं. दर दुसऱ्या रविवारी गाडी दीड फूट ढकलायची, एकदा पुढे, एकदा मागे, आणि टायरवर जमिनीला टेकलेल्या जागी खडूची रेघ मारून फोटो पाठवायचा. फोटोत जुनी रेघ वर आलेली दिसली की काका समाधानाने "झाला" एवढंच लिहितात. ऑक्टोबरच्या दुसऱ्या फोटोत रेघ जिथल्या तिथेच होती. बाबल्याने गाडी न ढकलता नुसती रेघ पुसून नवी मारली होती. त्यावरून फोनवर जे झालं ते इथे लिहीत नाही.